थकबाकीचा तक्ता संचालकांसाठी नव्याने मांडताना

मार्चअखेरच्या येणे बाकीचा सारांश संचालकांच्या बैठकीसाठी तयार करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मूळ अहवाल पाच पानांचा होता. एकूण येणे ४ कोटी २० लाख रुपये होते आणि ते खातेवहीशी जुळतही होते. तरीही त्यातील दिवसवार गटांवर विश्वास ठेवता येत नव्हता.

पहिली अडचण अशी की दिवस बिलाच्या तारखेपासून मोजलेले होते. ज्या ग्राहकाला ९० दिवसांची उधारी दिली आहे, त्याचे ५ जानेवारीचे बिल ३१ मार्चला ८५ दिवसांचे होऊन ‘६१ ते ९०’ या रकान्यात बसले होते. वास्तविक त्याची मुदत ५ एप्रिलला संपणार होती. म्हणून मी देय तारीख धरून गट पुन्हा पाडले आणि ‘मुदत न संपलेले’ हा रकाना सर्वांत आधी वेगळा काढला. त्यात १ कोटी ९० लाख गेले. वसुलीची चर्चा उरलेल्या रकमेपुरतीच करायची आहे, हे त्यामुळे पहिल्या नजरेत कळू लागले.

दुसरी चूक एका उणे आकड्यामुळे सापडली. एका ग्राहकाच्या चालू महिन्याच्या रकान्यात उणे ११ लाख दिसत होते. त्याने भरलेली रक्कम कोणत्याही बिलाला न लावता ‘ऑन अकाउंट’ जमा झाली होती, त्यामुळे १८० दिवसांवरची त्याची जुनी बिले न भरल्यासारखीच उभी होती. ती रक्कम बिलवार लावल्यावर शेवटचा गट ३९ लाखांवरून २८ लाखांवर आला, एकूण बेरीज मात्र एका रुपयानेही हलली नाही. म्हणूनच केवळ बेरीज जुळली म्हणून असा तक्ता पुढे पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वाधिक वेळ शेऱ्यांच्या रकान्याला लागला. सतरा ग्राहकांपुढे ‘फॉलोअप चालू आहे’ एवढेच लिहिले होते. मी प्रत्येकाच्या वसुली अधिकाऱ्याशी बोलून त्याजागी तीन छोटे रकाने केले: रक्कम अडकण्याचे कारण, पुढची कृती कोणाची आणि कोणत्या तारखेपर्यंत. एका ग्राहकाचे ९ लाख अडले होते, कारण त्याने परत केलेल्या मालाची १ लाख ४० हजारांची क्रेडिट नोट आमच्याच गुणवत्ता विभागाच्या मंजुरीसाठी पडून होती. जुन्या शेऱ्यावरून दोष ग्राहकाचा वाटत होता. नव्या रकान्यात आमच्या विभागप्रमुखांचे पद आणि ८ एप्रिल ही तारीख आली.

ग्राहकांचा क्रम मी ९० दिवसांवरील रकमेनुसार लावला. अपवाद एकच केला. एक बिल लहान रकमेचे होते, परंतु देय तारखेपासून दोन वर्षे आठ महिने उलटले होते. दाव्याची तीन वर्षांची मुदत संपण्यापूर्वी ग्राहकाकडून सही केलेली लेखी बाकीकबुली मिळाली, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने सुरू होते. म्हणून ते बिल यादीत सर्वांत वर घेतले. संचालकांनी बैठकीत पहिली विचारणा त्याचीच केली आणि कबुलीपत्राचा मसुदा त्याच दुपारी ग्राहकाकडे रवाना झाला.