टोपीची शेपटी

भाचीच्या वाढदिवसाला कागदी टोप्या मी करीन, असं मी फार मोठ्या तोंडाने सांगून बसलो होतो. त्यात अवघड ते काय? टोपी समोरून पाहिली की त्रिकोणच दिसतो. तेव्हा त्रिकोण कापायचा, गुंडाळायचा, चिकटवायचा. भाचीच्या डोक्यावर टोपी जिथे बसते तिथे दोरा फिरवून मोजलं, ३८ सेंमी भरलं. कार्डशीटवर ३८ सेंमी पायाचा आणि १८ सेंमी उंचीचा छानसा समद्विभुज त्रिकोण काढला, कापला, गुंडाळला आणि स्टेपलर मारला.

टोपी झाली. पण पुढून कपाळाच्या वर नीट संपणारी ती टोपी मागे मानेकडे टोकदार होऊन लोंबत होती. भाचीने आरशात मान वळवून पाहिलं आणि विचारलं, "मामा, हिला शेपटी का आलीय?"

कात्रीचा हात चुकला असेल असं मी म्हणालो. आम्ही ती शेपटी गोलाकार छाटून टाकली आणि टोपी कशीबशी डोक्याजोगी केली. पण मनातून शेपटी जाईना. मग मागच्या कुणाच्यातरी पार्टीतली एक विकतची टोपी कपाटात पडली होती, तिची शिवण नखाने उचकून ती टेबलावर सपाट केली. समोर त्रिकोण नव्हता. शाळेत जिला वर्तुळपाकळी म्हणायचो ती होती. दोन सरळ कडा एका टोकात मिळालेल्या, आणि समोरची बाजू कमानीसारखी गोल.

आता कारण डोळ्यांपुढे होतं. कागद वाकतो, पण ताणला जात नाही. म्हणजे गुंडाळलेल्या कागदावर टोकापासून कडेपर्यंत जेवढं अंतर असेल, तेवढंच ते उलगडलेल्या कागदावरही असायला हवं. नीट बसणाऱ्या टोपीत टोकापासून काठापर्यंत कुठूनही मोजा, अंतर सारखंच. मग सपाट कागदावर तो काठ एका बिंदूपासून सारख्या अंतरावरच राहणार, म्हणजे वर्तुळाचा कंसच होणार. माझ्या त्रिकोणात टोकापासून पायाच्या मध्यापर्यंत १८ सेंमी होते, पण कोपऱ्यांपर्यंत पायथागोरसच्या हिशेबाने २६ सेंमीच्या वर. ते दोन्ही कोपरे मागे शिवणीवर एकत्र आले आणि आठ सेंमीची शेपटी झाली. कात्रीचा काही दोष नव्हता.

टोकापासून काठापर्यंतचं हे पृष्ठभागावरून मोजलेलं अंतर म्हणजे तिरकस उंची. शाळेत हा शब्द सूत्रात भरायचा एक आकडा म्हणून भेटला होता. टोपी करताना तो कर्कटकाचा पसारा म्हणून भेटतो. कर्कटक १८ सेंमी उघडलं की टोपीची तिरकस उंची ठरली, पुढे तिला हात लावता येत नाही. टोपीची खरी उंची, म्हणजे टोकापासून डोक्यापर्यंत आतून सरळ सोडलेल्या ओळंब्याची लांबी, ती कागदावर कुठेच नसते. ती गुंडाळल्यावरच जन्माला येते आणि नेहमी तिरकस उंचीहून कमीच भरते.

उरला प्रश्न पाकळी केवढी कापायची याचा. इथे मी आधी पायचा गुणाकार घेऊन बसलो आणि मग लक्षात आलं की त्याची गरजच नाही. पाकळीचा कंस गुंडाळून टोपीचा घेर होतो. पूर्ण वर्तुळाची त्रिज्या १८, टोपीच्या तोंडाची त्रिज्या साधारण ६, कारण ३८ सेंमी घेराचा व्यास जवळजवळ १२ येतो. दोन्ही घेरांत पाय सारखाच, तो दोन्हीकडून उडतो. राहतं एवढंच:

θ = 360 × r / l

इथे r ही तोंडाची त्रिज्या आणि l तिरकस उंची. सहा भागिले अठरा म्हणजे एक तृतीयांश, आणि ३६० चा एक तृतीयांश म्हणजे १२० अंश. माझ्या टोपीला १२० अंशांची पाकळी हवी होती, आणि तिची सरळ उंची १७ सेंमीला अगदी थोडी कमी भरणार होती.

१२० हा आकडा हाती आला याचा मला फार आनंद झाला, कारण आमचा कोनमापक वेळेला कधी सापडत नाही. कर्कटकाचा पसारा न बदलता वर्तुळावर खुणा करत गेलं की सहा पावलांत फेरी पुरी होते. त्यातली दोन पावलं म्हणजे १२० अंश. एका पूर्ण वर्तुळातून तीन टोप्या, कागदाची चिंधीही वाया नाही. वाया नाही असं वाटलं खरं, पण चिकटवायला कड कुठून आणणार? काठाजवळ दीड सेंमी कड एकमेकांवर चढवली की १८ सेंमीच्या वर्तुळात साधारण ५ अंश खर्ची पडतात. मग टोपी ११५ अंशांची उरते आणि तोंडाचा व्यास १२ ऐवजी साडेअकरा होतो. डोक्याला तेवढं कळत नाही, बाकीचं इलॅस्टिक सांभाळून घेतं. पण माप नेमकं हवं असेल तर पाकळी १२५ अंशांची काढायची आणि एका वर्तुळातून दोनच टोप्यांवर समाधान मानायचं.

या हिशेबातली मला आवडलेली गोष्ट अशी, की टोपी किती टोकदार होणार हे एकट्या कोनावर ठरतं. तीच पाकळी झेरॉक्सवर दुप्पट मोठी करा, टोपी राक्षसाच्या मापाची होईल, पण तिचा तोरा तोच राहील. कर्कटक आकारमान ठरवतं आणि कोन स्वभाव.

हा स्वभाव बघायचा तर वेगवेगळ्या टोप्या कापत बसू नये. एक पूर्ण वर्तुळ घ्यावं, कडेपासून केंद्रापर्यंत एकच चीर द्यावी आणि चिरेच्या दोन कडा हळूहळू एकमेकांवर सरकवाव्यात. मी हे चहा गार होईपर्यंत करत बसलो होतो. तिरकस उंची १८ ची १८ राहते आणि चकतीची आधी पसरट छत्री होते, मग टोपी, मग टोचेल असं नळकांडं. चमत्कार आहे तो सुरुवातीला. ३६० अंशांच्या सपाट चकतीतले जेमतेम १० अंश कमी केले, म्हणजे कड अगदी थोडी सरकवली, तर मधला भाग टेबलापासून एकदम चार सेंमी वर उठतो. आणि तेच १० अंश शेवटच्या बाजूला, १२० वरून ११० वर येताना कमी केले, तर उंची वाढते दोन मिलिमीटरसुद्धा नाही. तिथे कागद जणू म्हणतो, आता मी उभाच आहे, अजून किती उभा राहू? म्हणून टोकदार टोपी कापताना पाच-सात अंशांची चूक खपून जाते आणि पसरट टोपीत तेवढीच चूक डोळ्यांत भरते.

या प्रवासात अर्ध्या वाटेवर, १८० अंशांवर, एक मुक्काम येतो. अर्धवर्तुळ गुंडाळलं की तोंडाचा व्यास आणि तिरकस उंची सारखीच होते. अशी टोपी समोरून बरोब्बर समभुज त्रिकोण दिसते, टोकाशी ६० अंश. प्रयोगशाळेत गोल गाळणकागदाची दोनदा घडी घालून, एका बाजूला तीन पदर आणि दुसऱ्या बाजूला एक ठेवून तो उघडायचा, ते आठवतं? तिथेही मूळ घेराच्या निम्माच घेर उरतो, म्हणून तो कागद ६० अंशांच्या नरसाळ्यात चपखल बसतो. तेव्हा मी ते सर सांगतात म्हणून करत होतो.

वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी टोप्या तयार झाल्या आणि भाचीने सजावट हाती घेतली. तिला टोपीभोवती एक चकचकीत सॅटिनचा दोरा घट्ट बांधायचा होता. मागे शिवणीपाशी काठावर तिने दोन्ही टोकं बोटात धरली आणि ओढली. दोरा काठाला धरून राहिना. मागे तो काठावर होता, पण पुढून सरसर वर चढला आणि टोपीच्या मध्यावर जाऊन थांबला. तिथे मी पट्टी लावली. टोकापासून साधारण ९ सेंमी.

"खाली ओढला तरी परत वर जातो," ती म्हणाली.

आणि मला माझा त्रिकोण आठवला. ताणलेला दोरा सर्वांत जवळची वाट धरतो. कागद उलगडला तर ती वाट पाकळीच्या दोन कोपऱ्यांना जोडणारी सरळ रेघ असते, म्हणजे जीवा. १२० अंशांच्या पाकळीत ती जीवा टोकापासून बरोब्बर निम्म्या अंतरावरून, ९ सेंमीवरून जाते. माझ्या पहिल्या टोपीचा काठ मी असाच सरळ कापला होता. म्हणजे ती शेपटीवाली टोपी मी ताणलेल्या दोऱ्याच्या वाटेवर कापली होती, फक्त दोरा बांधायच्या आधीच. हे मी भाचीला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "पण शेपटी होतीच ना?"

मग तिने चीर दिलेली ती वर्तुळाची चकती उचलली, कडा थोड्याशाच चढवून तिची पसरट टोपी केली आणि तिच्यावर दोरा बांधायला घेतला. मी तोंड उघडणार होतो, पण गप्प बसलो. अर्धवर्तुळाहून मोठ्या पाकळीत दोन कोपऱ्यांमधली सरळ रेघ कागदावरून जातच नाही, ती टोकाच्या पलीकडून जाते. दोऱ्याला अडकायला जागाच उरत नाही. भाचीने टोकं ओढली, दोरा पुढून वर सरकला, टोकापाशी क्षणभर घुटमळला आणि टोपीवरून सुटून तिच्या हातात आला.

तिने तो परत बांधला. परत सुटला. तिसऱ्या वेळी तिने माझ्याकडे न बघता चिकटपट्टीचा रोल मागितला.