लेथचे तोंड कोणत्या बाजूला? ट्रकच्या दोन ॲक्सलचा हिशोब

भोसरीतून चाकणला १० टनांचा एक जुना लेथ हलवायचे काम माझ्याकडे आले, तेव्हा एकूण वजनाची चिंता नव्हती. दोन ॲक्सलच्या ट्रकला २०१८ पासून १८.५ टनांपर्यंत मुभा आहे आणि आमचा रिकामा ट्रक, चालक व भरलेल्या टाकीसह, ६ टनांचा होता. प्रश्न होता तो ॲक्सलवार मर्यादेचा, कारण दोन टायरांच्या पुढच्या ॲक्सलला ७ टन आणि चार टायरांच्या मागच्या ॲक्सलला ११.५ टनच चालतात.

काट्यावर रिकाम्या ट्रकचे पुढचे वजन ३.२ टन आणि मागचे २.८ टन भरले. व्हीलबेस, म्हणजे दोन ॲक्सलमधले अंतर, ५ मीटर होता. मालाचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या जितका पुढे, त्या अंतराला व्हीलबेसने भागले की मालाचा जो हिस्सा पुढे जातो तो मिळतो, बाकीचा मागे.

लेथ मात्र दोन्ही टोकांना सारखा जड नसतो, त्यामुळे त्याचा गुरुत्वमध्य आधी शोधावा लागला. हलक्या टोकाला, म्हणजे टेलस्टॉकच्या बाजूला, लाकडी ठोकळा ठेवून, तिथून ३ मीटरवरचे हेडस्टॉककडचे जड टोक आम्ही हायड्रा क्रेनला लटकवलेल्या वजनकाट्याने जेमतेम बोटभर उचलले. जास्त उचलले असते तर लेथ कलून मोजणी बिघडली असती. काटा ६.२ टनांवर स्थिरावला, म्हणजे गुरुत्वमध्य ठोकळ्यापासून १.८६ मीटरवर, अर्थात आधारांच्या मध्यापासून ३६ सेंटिमीटर हेडस्टॉककडे.

मुकादमाचे म्हणणे होते, "साहेब, केबिनला टेकवून ठेवू, ब्रेक मारला तरी सरकणार नाही." सरकण्याची भीती रास्त होती. पण तसे ठेवल्यास लेथचा मध्य मागच्या ॲक्सलच्या २.२ मीटर पुढे येत होता आणि हेडस्टॉक केबिनकडे असल्यास पुढच्या ॲक्सलवर ८.३ टन पडत होते. म्हणून तो मध्य मागच्या ॲक्सलच्या १ मीटरच पुढे ठेवायचे ठरले. तिथेही दिशा महत्त्वाची निघाली: हेडस्टॉक मागे केला तर गुरुत्वमध्य ०.६४ मीटरवर येऊन मागच्या ॲक्सलवर ११.५२ टन होत होते. हेडस्टॉक केबिनकडे केला तर १.३६ मीटरवर येऊन पुढे ५.९२ आणि मागे १०.०८ टन. ट्रक तोच, जागा तीच, केवळ लेथ फिरवल्याने मागच्या ॲक्सलवरचा जवळजवळ दीड टनाचा भार कमी झाला.

केबिनमागे उरलेल्या मोकळ्या जागेत लाकडी फळ्यांचा भक्कम अडसर ठोकला आणि साखळ्या पुढे-मागे दोन्हीकडे ताणल्या. मग काट्यावर प्रथम पुढची चाके, नंतर मागची चाके स्वतंत्रपणे तोलली. काट्याच्या अलीकडची-पलीकडची जमीन काट्याशी सपाट असेल तरच ही पद्धत भरवशाची. उतार असेल तर भार एका ॲक्सलवरून दुसऱ्यावर सरकतो आणि दोन्ही आकडे फसवे ठरतात. आमच्या पावतीवर पुढे ५.८६ आणि मागे १०.१६ टन आले.