डाळिंब, ब्याडगी आणि दालचिनी: तीन बरण्यांतील मुरवणीची नोंद

व्होडकात चव मुरवण्याच्या या खेपेला एकच निर्णय मी आधी पक्का केला होता. फळ, मिरची आणि मसाला एकाच बरणीत घालायचे नाहीत. मिरचीचे काम काही तासांत होते, दालचिनीला दोन-तीन दिवस लागतात आणि डाळिंबाला जवळपास आठवडा. तिघे एकत्र असले की डाळिंब तयार होईपर्यंत मिरचीने जीभ भाजून निघते आणि दालचिनी लाकडासारखी तुरट होते. एका मित्राच्या बरणीत नेमके हेच झाले. त्याने सगळे एकाच दिवशी घातले, एकाच दिवशी गाळले, आणि हाती आले ते फळाचा मागमूस नसलेले तिखट. म्हणून प्रत्येक जिन्नस वेगळा मुरवायचा, ज्याची वेळ आली त्याला गाळायचे आणि शेवटी मापाने एकत्र करायचे, असे ठरवले.

आधार म्हणून 750 मिलीची साध्या व्होडकाची सीलबंद बाटली घेतली. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक व्होडकावर 42.8 टक्के मद्यार्क छापलेला असतो आणि या कामाला तो पुरेसा आहे. सुटी, बिनलेबलची दारू यासाठी कधीही वापरू नये आणि घरी ऊर्ध्वपातनाच्या वाटेला तर जाऊच नये, कारण तो गुन्हा आहे. आपला उद्योग विकत आणलेल्या मद्यात चव उतरवण्यापुरताच आहे. महाराष्ट्रात त्यासाठीही वयाची 25 वर्षे आणि परवाना लागतो. बाटलीतील 500 मिली डाळिंबाला, 150 मिली मिरचीला आणि 100 मिली दालचिनीला अशी वाटणी केली.

सर्वांत जास्त लक्ष डाळिंबाला द्यावे लागते. सोलापूरच्या बाजारात भगवा डाळिंब चांगला मिळतो, त्यामुळे फळ निवडताना अडचण नव्हती. दाणे काढताना मधला पांढरा पापुद्रा एकही राहू दिला नाही, कारण त्याचा कडवटपणा मद्यात सहज उतरतो आणि नंतर साखरेनेही झाकला जात नाही. दाणे 300 ग्रॅम भरले. ते मुसळीने कुटले नाहीत; वाटीच्या बुडाने इतकेच दाबले की सालीला चीर जावी आणि आतली बी मात्र फुटू नये. बी फुटली की तुरटपणा वाढतो.

येथे एक हिशेब समजून घेण्यासारखा आहे. डाळिंबाच्या दाण्यात साधारण पाऊण भागाहून थोडे अधिक पाणीच असते, म्हणजे 300 ग्रॅम दाण्यांत सुमारे 235 मिली. हे पाणी हळूहळू मद्यात येते आणि मद्यार्क दाण्यात शिरतो. 500 मिलीमधला 214 मिली मद्यार्क मग सुमारे 735 मिलीत पसरतो आणि शेवटी तीव्रता 29 टक्क्यांच्या आसपास येते. एवढी तीव्रता असेल तर फळ आंबत नाही. याच मद्यात दुप्पट-तिप्पट दाणे कोंबले, तर मात्र ती 20 टक्क्यांकडे घसरू लागते आणि आपण नको त्या हद्दीजवळ जातो. बरणी गळ्यापर्यंत भरलेली असावी, कारण मद्याच्या वर उघडा राहिलेला दाणा बुरशी धरू शकतो.

उन्हाळ्यात सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बंद खोलीतसुद्धा मुरवण झपाट्याने पुढे सरकते. थंड हवेच्या ठिकाणी लिहिलेल्या कृतीत दहा दिवस म्हटले असतील, तर आपण चौथ्या दिवसापासूनच चव पाहायला लागावे. बरणी मी आतल्या खोलीत, अंधाऱ्या फडताळात ठेवली. उन्हात नाही आणि गॅसच्या शेगडीजवळ तर नाहीच, कारण मद्याची वाफ पेट घेते. उजेडाने डाळिंबाचा लाल रंगही तपकिरी पडतो.

मिरचीच्या बरणीत दोन ब्याडगी आणि अर्धी लवंगी घातली. ब्याडगी रंग आणि वास देते, लवंगी धार देते. दोन्हींचे देठ, बिया आणि आतल्या फिकट शिरा काढून टाकल्या, कारण तिखटपणा मुख्यत्वे त्या शिरांतच साठलेला असतो. हा तिखट घटक पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मद्यात मात्र पटकन उतरतो. म्हणूनच मिरचीला दिवसांत नव्हे, तासांत मोजावे लागते. दुसऱ्या तासापासून दर तासाला एक चमचा अर्क तेवढ्याच पाण्यात मिसळून चाखला. चाखल्यावर पुरते मिनिटभर थांबणे आवश्यक आहे, कारण पहिल्या घोटाला ब्याडगीचा गोडसर वास येतो आणि तिखट नंतर घशाशी चढते. जो घाईने निर्णय घेईल, तो नक्की उशिरा गाळेल. पाचव्या तासाला रंग नारिंगी झाला आणि तिखट घशाशी येऊन टेकले, तेव्हाच गाळले. मिरची काढली तरी उतरलेले तिखट परत जात नाही. ते जास्त झाले, तर साधी व्होडका मिसळून सौम्य करणे एवढाच उपाय उरतो.

दालचिनीचे फारसे काही सांगण्यासारखे नाही. बोटभर लांबीचा तुकडा न भाजता, अख्खाच घातला. पूड केली असती तर गाळ बसला असता. सोबतची एक लवंग पहिल्याच दिवशी काढली, कारण ती जास्त राहिली की जीभ बधिर करते. तिसऱ्या दिवशी दालचिनीच्या गोडव्यामागून तुरटपणा डोकावू लागला, तेव्हा तिलाही काढले.

डाळिंब सहाव्या दिवशी गाळले. खूण डोळ्यांनाच दिसते: मद्य गडद लाल होते आणि दाणे फिकट गुलाबी, काचेसारखे पडतात. एक दाणा चावून पाहिला तर त्यात फळाची गोडी उरलेली नव्हती, फक्त मद्य आणि बी होती. त्यापुढे मिळतो तो बीचा तुरटपणाच.

गाळताना आधी चहाची गाळणी, मग दुहेरी मलमल आणि शेवटी कॉफीचा कागदी फिल्टर वापरला. सोलापुरी टॉवेल अंग पुसायला कितीही उत्तम असला, तरी त्याचा कापसाचा रोवा अर्कात उतरतो. येथे त्याचा उपयोग नाही. फडके पिळू नये. पिळल्यास थोडा अर्क जास्त हाती येतो, पण सोबत गर येऊन बाटली गढूळ होते. ते आपोआप ठिबकू द्यावे आणि कागदी फिल्टर तुंबला की बदलावा.

मिश्रण आधी पेल्यात करून पाहिले: 50 मिली डाळिंब, 5 मिली मिरची आणि 5 मिली दालचिनी. याची तीव्रता 31 टक्क्यांच्या जवळ येते. माझ्या जिभेला दालचिनी किंचित जास्त वाटली, म्हणून मोठ्या बाटलीसाठी ती 3 मिलीच्या प्रमाणात घेतली. साखरेचा पाक लागलाच तर याच टप्प्यावर घालावा. मुरताना साखर घातली तर तुरटपणा झाकला जातो आणि गाळण्याची वेळ कळत नाही. मिश्रणावर हलका धुकटपणा आला तर घाबरू नये: मसाल्याचे सुगंधी तेल कमी तीव्रतेच्या मद्यात नीट विरघळत नाही, इतकेच. बुडबुडे येणे, झाकण उघडताना फुस्स होणे किंवा आंबट वास येणे, यांपैकी काहीही दिसले तर मात्र ती बाटली ओतून द्यावी.

उरलेले मिरचीचे आणि दालचिनीचे अर्क लहान बाटल्यांत, गाळल्याची तारीख आणि जिन्नस लिहून ठेवले आहेत. त्यांत फळाचे पाणी नसल्याने ते बाहेरच राहतील. डाळिंबाची बाटली फ्रीजमध्ये गेली आहे, कारण तिचा रंग आणि ताजेपणा आधी उतरतो. भिजलेल्या दाण्यांत मद्य मुरलेले असते, म्हणून ते मुलांच्या हाती लागण्याआधी फेकून दिले.