दिल्ली-६ चा कारखानदार

लाल किल्ला आम्ही बाहेरूनच पाहिला. तिकिटाच्या रांगेत उभं राहायची सौ.ची तयारी नव्हती आणि मलाही किल्ल्यात फारसा रस नव्हता. मी दिल्लीला आलो होतो तो किल्ल्यासमोरच्या लजपतराय मार्केटसाठी. हे मी तिला मिरजेत गाडीत बसताना सांगितलं नव्हतं, मथुरा गेल्यावर सांगितलं. ती मेहुणीबरोबर दरिब्याच्या दागिन्यांच्या बाजाराकडे गेली आणि मी पिशवीतलं झाकण चाचपत रस्ता ओलांडला.

झाकण म्हणजे माझ्या जुन्या, खिशात मावणाऱ्या ट्रान्झिस्टरचं मागचं झाकण. बाकीचा सेट पुतण्याने कधीच खोलून संपवला, एवढं तेवढं राहिलं. आत चिकटवलेल्या पिवळट कागदावर ‘मेड इन इंडिया’ आणि खाली ‘दिल्ली-६’. बस. मी टपाल खात्यात आयुष्य काढलं, त्यामुळे तेवढ्यावरून मला बरंच कळत होतं. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. त्याआधी मोठ्या शहरांत असे वाटपाचे विभाग असायचे. दिल्ली-६ म्हणजे चांदणी चौकाचा भाग, पुढे तोच ११०००६ झाला. म्हणजे सेट साधारण त्याच काळातला आणि याच गल्ल्यांतला.

कारखानदाराला शोधायचं कारण आभार मानणं हे नव्हतं. त्या सेटवर सांगली केंद्र कधीच आपल्या जागी लागलं नाही. सांगली साडेबाराशे किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे काटा बाराच्या थोडा पुढे यायला हवा. माझा काटा चौदावर जायचा आणि तिथेही आवाज इतका बारीक की सेट खिडकीच्या गजाला टेकवून धरावा लागे. पुणे मात्र जवळपास जागेवर आणि रात्री खणखणीत! मिरज-सांगली अंतर किती, पुणे किती! त्या काळात मी खिडकीवर लोकांना रेडिओचं लायसन्स करून देत होतो, सरकारी फी घेऊन शिक्का मारत होतो, आणि स्वतःच्या लायसन्सच्या रेडिओवर घराशेजारचं स्टेशन ऐकू येत नव्हतं. तेव्हा मी त्या पत्त्यावर तक्रारीचं कार्ड टाकलं होतं. ‘अपूर्ण पत्ता’ असा शेरा घेऊन ते परत आलं. माझ्याच खात्याने परत केलं, कोणाशी भांडणार?

मार्केटमध्ये आता रेडिओ जवळजवळ नाहीच. एलईडीच्या माळा, टीव्हीचे रिमोट, स्पीकर, केबलची भेंडोळी. पाठीवर खोकी घेतलेले हमाल मागून येतात आणि तुम्ही बाजूला होईपर्यंत थांबत नाहीत. तीन-चार दुकानांत झाकण दाखवलं. एका पोराने ते उलटसुलट करून विचारलं, ‘अंकल, इसमें मोबाइल कौन सा आता है?’ मी काही बोललो नाही. शेवटी एका चहावाल्याने मागच्या बोळातल्या एका म्हाताऱ्याकडे पाठवलं. जिन्याखालचं कपाटाएवढं दुकान, टेबलावर सोल्डरिंग आयर्न, आणि माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे एक पंजाबी गृहस्थ.

त्यांनी चष्मा वर करून कागद वाचला आणि हसायलाच लागले. ‘बाऊजी, फैक्टरी कौन सी? यह पूरी गली फैक्टरी थी.’

मग चहा आला आणि माझ्या डोक्यातल्या कारखान्याचे तुकडे पडायला लागले. प्लॅस्टिकचा डबा साच्यावाल्याकडून यायचा, ज्याला हवा त्याला तोच डबा. कॉइली घराघरांतून बायका गुंडाळून द्यायच्या. कंडेन्सर, स्पीकर, ट्रान्झिस्टर घाऊक बाजारातून. डायलवरचं नाव छापखानेवाला घाऊक व्यापारी सांगेल ते छापायचा, त्यामुळे एकच रेडिओ दोन नावांनी दोन शहरांत विकला जायचा. पुरा पत्ता का नाही छापला, विचारलं. ‘पूरा पता छापते तो हर खराब सेट वापस न आ जाता?’

माझ्या कार्डावरचा पत्ता मुद्दामच अपूर्ण ठेवलेला होता तर.

सांगलीचं कोडं त्यांना सांगितलं. त्यांनी मधेच थांबवून विचारलं, ‘नीचे की तरफ ठीक, ऊपर की तरफ गड़बड़?’ आणि टेबलाखालून तसलाच एक उघडा सेट काढला. स्टेशन बदलायचं चाक ज्यावर बसतं त्या गँग कंडेन्सरच्या पाठीवर बारीक स्क्रू असतात, ते ट्रिमर. काटा सहा-सातकडे असतो तेव्हा गँगच्या पात्या एकमेकींत पूर्ण शिरलेल्या असतात, ट्रिमर थोडा इकडेतिकडे असला तरी फारसा फरक पडत नाही. काटा चौदाकडे नेला की पात्या बाहेर येतात, गँगची स्वतःची वीज साठवायची क्षमता अगदी थोडी उरते आणि ट्रिमरची सत्ता चालू होते. तो जास्त पिळलेला असेल तर वरची सगळी स्टेशनं काट्यावर आणखी वर सरकतात. शिवाय आतली स्टेशन पकडणारी एरियलची कॉइल आणि सेटमध्ये स्वतःची लहर तयार करणारा ऑसिलेटर यांची जोडी वरच्या टोकाला जुळत नाही, म्हणून आवाजही मरतो. माझा आजार हाच.

रीतसर काम असं: सहाशेच्या आसपास ऑसिलेटरच्या कॉइलचा गाभा फिरवून काटा जुळवायचा आणि फेराइटच्या कांडीवर एरियलची कॉइल सरकवून आवाज वाढवायचा. मग चौदाशेच्या आसपास दोन्ही ट्रिमर लावायचे. वर लावलं की खालचं थोडं हलतं, म्हणून पुन्हा खाली, पुन्हा वर. शेवटी मेणाचा थेंब, म्हणजे कॉइल जागची हलू नये. ‘और हम क्या करते थे? सिग्नल जनरेटर किसके पास था? दिल्ली लगाओ, बजा तो पास.’ दिल्लीचं स्टेशन आठशेवीसच्या आसपास, डायलच्या खालच्या बाजूला. तिथे वाजला की मेण ओतायचं आणि सेट खोक्यात. मोठ्या शहरात खपला तर कुणाला पत्ताही लागत नसे. सांगलीवाल्याने काय करायचं, याचा विचार करायला नगामागे पैसे मिळत नव्हते.

मला ते ऐकायचं होतं. पण दुकानात सेट लावला तर नुसती किरकिर. चारी बाजूंच्या एलईडीच्या पॉवर सप्लायनी मीडियम वेव्हचा पार चोथा केला होता. म्हातारबुवा उठले, प्लॅस्टिकचा स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला (लोखंडी लावला की कॉइलचा नाजूक गाभा तडकू शकतो, हे जाता जाता ऐकवलं) आणि आम्ही दोघं रिक्षांच्या गर्दीतून रस्ता ओलांडून किल्ल्याच्या बाजूला गेलो. रखवालदाराने संशयाने पाहिलं. तिथे कुंपणाशी त्यांनी सेट हातात फिरवून दाखवला. कांडीचं टोक स्टेशनकडे केलं की आवाज बुडतो, आडवं केलं की वर येतो. मग दिल्ली लागलं, स्वच्छ. काटा वर नेला तर नुसता सन्नाटा. त्यांनी ट्रिमरला पाव वेढा उलटा दिला आणि खरखरीतून एक बाई बातम्या वाचताना अंधुक ऐकू आल्या. पाव वेढा! एवढ्यासाठी मी वर्षानुवर्षं खिडकीचा गज धरून उभा होतो.

पुढे आग्रा झालं, ताज झाला, पोट बिघडलं.

त्या दिवशी म्हातारबुवांचा निरोप घेताना मात्र राहवलं नाही. विचारलंच, ‘माझा सेट तुम्हीच लावलेला असेल का हो?’ त्यांनी झाकण पुन्हा हातात घेतलं, कागदावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘हो सकता है. छह-सात लड़के बैठते थे. पर आपका खराब था ना? फिर दूसरे ने किया होगा.’