किराणा दुकानात शूटिंगची परवानगी : एका सहीसाठी 11 दिवस (माझा अनुभव)

पत्र मी 12 नोव्हेंबरला दिलं आणि सही 23 ला मिळाली. मधल्या दिवसांत मी रोज त्या दुकानाच्या पायरीवर जाऊन आले, कधी साखरेच्या निमित्ताने, कधी सरळ विचारायलाच. दुकानाचे मालक काकाजी, त्यांनी एकदाही नाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी दुसऱ्याच दिवशी शेजारच्या गावातलं दुकान गाठलं असतं. "पाहू ना वो", "उद्या ये", "आज गर्दी हाय" एवढंच उत्तर यायचं. त्याचा राग मला अजून आहे. पण माझ्या पत्रात नेमकं काय चुकलं होतं तेही मला आता माहीत आहे, म्हणून हे लिहीत आहे.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. आम्ही चौघं मिळून 12 मिनिटांची एक फिल्म करत होतो. त्यातला मुख्य प्रसंग किराणा दुकानातला, दोन मिनिटांचा. एका बाईच्या घरचा कापूस अजून विकला गेलेला नाही, ती तेल-साखर उधार मागते आणि दुकानदार नाही म्हणतो. कॅमेरा भावाच्या मित्राचा, कलाकार गावातलेच. ते सगळं चार दिवसांत जमलं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

पहिलं पत्र मी टाइप करून नेलं होतं. त्यात तीन आश्वासनं होती. दुकान जसं होतं तसं स्वच्छ करून देऊ, दोन तासांत काम संपवू, आणि शेवटी येणाऱ्या नावांमध्ये आपल्या दुकानाला ठळक अक्षरांत क्रेडिट देऊ. काकाजींनी चष्मा लावून वाचलं आणि "क्रेडिट" या शब्दावर बोट ठेवलं. किराणा दुकानात या शब्दाचा एकच अर्थ, उधारी. सिनेमावाल्यांना उधार माल पाहिजे, असं त्यांना वाटलं. मी तिथेच पेनने खोडून "नाव देऊ" असं लिहिलं. तेवढ्याने भागलं असं मला वाटलं, आणि तिथूनच पुढचा सगळा घोळ सुरू झाला.

तो सांगण्याआधी तासांचं सांगते, कारण तिथे चूक सरळ माझी होती. दोन मिनिटांचा प्रसंग दोन तासांत होतो हे मी अंदाजाने लिहिलं होतं. कॅमेरामनने हिशोब मांडला तेव्हा तो आकडा टिकला नाही. सामान लावायला पाऊण तास. सहा शॉट, प्रत्येकाला धरून चाला वीस-पंचवीस मिनिटं. दुकान परत लावायला अर्धा तास. म्हणजे साधारण साडेतीन तास लागतातच. पत्रात कमी लिहायचं आणि मग "अजून दहाच मिनिटं काकाजी" करत राहायचं, असं बहुतेक जण करतात. तसं करू नका. दुकानदाराला साडेतीन तास खुपत नाहीत, सांगितल्यापेक्षा जास्त झालेला अर्धा तास खुपतो.

आणि किती तास यापेक्षा कोणते तास, हे त्यांच्यासाठी महत्त्वाचं असतं. कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्याकडे सकाळी बाया वावरात जाईपर्यंत चहापत्ती, साखर, बिस्किटाची झुंबड असते. मग पाच वाजल्यापासून रात्री दुकान बंद होईपर्यंत परत तेच. साडेबारा ते चार दुकान शांत. आमचं नशीब की दुकानाचं तोंड पूर्वेला आहे. दुपारी ऊन आत येत नाही, उजेड साडेतीन तास जवळजवळ सारखा राहतो, म्हणजे पहिला आणि शेवटचा शॉट एकाच वेळचे वाटतात. दुकान पश्चिमेचं असतं तर दुपार कलली की ऊन काउंटरवर आलं असतं आणि आम्हाला दुसरी वेळ मागावी लागली असती. म्हणून पत्र लिहिण्याआधी एक दिवस दुकानासमोर बसा. गिऱ्हाईक कधी येतं आणि ऊन कधी येतं, दोन्ही टिपून घ्या.

आता अडलं कुठे ते.

आठव्या दिवशी काकाजी बाहेर गेले होते आणि गल्ल्यावर काकू होत्या. मी त्यांना म्हटलं, काकू, त्यांना नाही म्हणायचं असेल तर म्हणू द्या, मला वाईट वाटणार नाही. त्यांनी शेंगदाणे तोलता तोलता विचारलं, "तुह्या सिनेमात दुकानदार काय करते वो?"

मला उत्तर देता येईना. पत्रात मी प्रसंगाबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. "एका कौटुंबिक कथेतील छोटे दृश्य" एवढंच होतं. दुकानदाराचं काम करणारा मुलगा मात्र बसस्टॉपवर सगळ्यांसमोर संवाद पाठ करत होता, आणि दुकानदार बाईला उधारी नाकारून परत पाठवतो, ही गोष्ट माझ्या आधी दुकानात पोचली होती. वर मी पत्रात वचन दिलेलं की दुकानाचं नाव ठळक अक्षरांत येईल.

काकाजी आल्यावर मी थेट विचारलं. मग ते बोलले. "माह्या दुकानातून कोणती बाई रित्या हातानं गेली, सांग मले. कापूस निघेपर्यंत अर्धं गाव माह्या वहीत राह्यते. अन् तू सिनेमात दाखवतं का मी हाकलून देल्लं, अन् खाली मायं नाव लिहितं!"

मी म्हटलं, अहो काकाजी, ते खरं थोडंच आहे, गोष्ट आहे. ते म्हणाले, "तुले मालूम हाय. पाह्यणाऱ्याले काय मालूम?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते बरोबर होते. फलक त्यांचा, काउंटर त्यांचा, शेवटी नाव त्यांचं. पाहुण्यारावळ्यांत कोणी फिल्म पाहिली तर तो दुकानदार हेच, असंच धरणार. मी ज्याला बक्षीस समजत होते ती त्यांच्या दृष्टीने बदनामी होती, आणि जितक्या ठळक अक्षरांत मी देऊ करत होते तितकी मोठी. पण हेच पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर माझे आठ दिवस गेले नसते, हेही मी त्यांना म्हटलं. त्यावर ते म्हणाले, "तू तरी कुठं सांगितलं होतं?"

त्या रात्री मी पत्र नव्याने लिहिलं, या वेळी हाताने. प्रसंग काय आहे ते पहिल्याच ओळींत घातलं. नावाचं आश्वासन उलटं केलं. तरी पुढचे तीन दिवस गेले, कारण त्यांना ते पुतण्याकडून वाचून घ्यायचं होतं आणि पुतण्या दारव्ह्याला. पुतण्याने एकच गोष्ट वाढवायला लावली, उधारीच्या वहीची. आम्हाला वहीचा जवळून शॉट पाहिजे होता. खऱ्या वहीत गावातल्या माणसांची नावं आणि त्यांच्यापुढे रकमा. त्यातलं एक पान पडद्यावर दिसलं असतं तर गावात भांडणं लागली असती. मला हे सुचलं नव्हतं, हे मी कबूल करते. आम्ही नवी लाल वही आणली आणि खोट्या नावांनी भरली.

ज्या पत्रावर सही झाली ते असं :

"आदरणीय काकाजींस नमस्कार. आम्ही एक लहान फिल्म करत आहोत. त्यात एक दुकानदार एका बाईला उधारी नाकारतो. हे दृश्य आपल्या दुकानात चित्रित करण्याची परवानगी द्यावी, ही विनंती. दिवस एकच, 26 नोव्हेंबर. वेळ दुपारी साडेबारा ते चार, त्यात सामान लावणे व काढणे आले. आम्ही सहा जण असू. गिऱ्हाईक आले की काम थांबवू. दुकानाच्या नावावर आमचा फलक लावू व जाताना काढू. दुकानाचे, आपले किंवा घरच्यांचे नाव व चेहरा कुठेही येणार नाही. शेवटी आभार कसे लिहायचे ते आपण सांगाल तसे. उधारीची वही आमची असेल, आपल्या वहीला व गल्ल्याला हात लावणार नाही. फक्त तेलाची मांडणी हलवू व फोटो पाहून होती तशी लावू. काटा हलवणार नाही. भिंतीला काही चिकटवणार नाही. वीज आमच्या बॅटरीवर. सांडलेल्या, फुटलेल्या वस्तूचे पैसे त्याच दिवशी देऊ. फिल्म कुठे दाखवण्याआधी हे दृश्य आपल्याला दाखवू आणि वरीलपैकी काही दिसल्यास तेवढे काढू."

शेवटची ओळ जपून लिहा. "आपल्याला न आवडल्यास काढू" असं लिहिलं तर अख्खी गोष्टच त्यांच्या हातात जाते. मी फक्त पत्रात लिहिलेल्या गोष्टींपुरता शब्द दिला. पत्राच्या दोन प्रती करा, दोन्हींवर दोघांच्या सह्या घ्या, एक त्यांच्याकडे राहू द्या. पुढे एखाद्या महोत्सवाला फिल्म पाठवली आणि जागेची परवानगी विचारली, तर हेच पत्र कामाला येतं. आभाराबद्दल काकाजी म्हणाले, "गावाचं नाव लिही." तेवढंच लिहिलं.

भिंतीचं कलम उगाच नाही. चुन्याच्या भिंतीला टेप लावली की काढताना पोपडा सोबत येतो आणि तो परत बसवता येत नाही. कपडा अडकवायचा असेल तर लाकडी मांडणीला चिमटे लावा. एक गोष्ट मात्र पत्रात राहून गेली होती, फ्रिज. त्याची घरघर दर वाक्यात येत होती. ऐन वेळी विचारून शॉटपुरता बंद केला, एका वेळी वीस मिनिटांच्या वर नाही, कारण आत दुधाच्या पिशव्या होत्या. बंद करताना मी माझ्या स्कूटीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवायची. फ्रिज सुरू करायचं विसरलं तरी किल्लीशिवाय घरी जाता येत नाही, आणि किल्ली घ्यायला गेलं की आठवतंच. तुम्ही फ्रिज बंद करण्याचं आधीच पत्रात लिहा.

26 तारखेला 14 वेळा गिऱ्हाईक आलं, जास्त करून दोन रुपयांचं चॉकलेट घेणारी पोरं. चौदाही वेळा आम्ही थांबलो. चारला दहा मिनिटं कमी असताना फलक उतरला. काकाजींनी गल्ल्यातून त्यांची प्रत काढली, कानावरचं पेन घेतलं आणि एकेका ओळीपुढे खूण करत दुकानभर फिरले. मांडणीशी थांबून फोनमधला फोटो मागितला, दोन डबे उलटे लागले होते ते सरळ केले आणि त्या ओळीपुढेही खूण केली.