दाब १७, तरीही काचबिंदू

वाचनाच्या चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला आलेल्या त्या ६२ वर्षांच्या गृहस्थांना डोळ्यांची कसलीच तक्रार नव्हती. उजव्या डोळ्यातला दाब १७ आणि डाव्यातला १६, म्हणजे २१ च्या रूढ मर्यादेच्या बराच आत होता. मात्र बाहुली मोठी करून आत पाहिले, तेव्हा उजव्या डोळ्याच्या दृष्टिचेतेची कड खालच्या बाजूला, घड्याळात सात वाजतात त्या जागी, खाच पडल्यासारखी झिजलेली दिसली आणि तिच्या काठाशी रक्ताची एक बारीक रेघ होती. माझ्या लेखी ही रेघ दाबाच्या आकड्यापेक्षा अधिक बोलकी असते, आणि नेमकी तीच काही आठवड्यांत विरून जाते.

दृष्टिपटलावरचे तंतू डोळ्याबाहेर पडताना एका जाळीदार पडद्यातून जातात. या पडद्याच्या वरच्या व खालच्या भागातली छिद्रे मोठी आणि आधार विरळ असल्यामुळे दाबाचा ताण तिथल्या तंतूंना आधी बाधतो. खालचे तंतू दृष्टीचा वरचा भाग पाहतात, म्हणून क्षेत्रतपासणीत दोष वरच्या अर्ध्यात निघायला हवा होता. दोन आठवड्यांच्या अंतराने केलेल्या दोन्ही तपासण्यांत तो तसाच निघाला: अंधबिंदूपासून केंद्रावरून नाकाकडे वळणारी काळपट कमान, आडव्या मध्यरेषेवर येऊन थांबलेली. पहिल्या तपासणीत रुग्ण गोंधळतो, त्यामुळे एकाच कागदावर निदान करायचे मी टाळतो. हीच कमान उभ्या मध्यरेषेवर थांबली असती, तर मी आधी मेंदूची तपासणी करून घेतली असती.

"पण मला तर सगळं नीट दिसतंय, आणि दाबही नॉर्मल आहे ना?" त्यांचा प्रश्न रास्त होता. एका डोळ्याला न दिसणारा भाग दुसरा डोळा भरून काढतो, शिवाय बरेच तंतू गेल्यावरच तपासणीत दोष उमटतो. दाबाचे म्हणाल, तर त्यांच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा ४८५ मायक्रॉन, म्हणजे सरासरीपेक्षा पातळ निघाला, आणि पातळ पडद्यावर यंत्र दाब कमी दाखवते. (तो आकडा सूत्राने दुरुस्त करण्यावर माझा विश्वास नाही.) दिवसभर दर काही तासांनी मोजल्यावर सकाळी दाब २१ पर्यंत चढत असल्याचेही दिसले.

त्यांच्या दृष्टिचेतेला हाही दाब जास्तच होता. म्हणून सकाळचा २१ चा दाब सुमारे तीस टक्क्यांनी उतरवून १४-१५ वर ठेवायचे ठरवले आणि रात्री एक थेंब लॅटानोप्रोस्ट सुरू केले. काही महिन्यांनी "थेंबांनी फरक काहीच पडला नाही," अशी तक्रार घेऊन ते आले. दाब १३ होता आणि कमान जिथे होती तिथेच होती. गेलेले तंतू परत येत नसल्यामुळे याहून वेगळा फरक त्यांना जाणवणार नव्हता. तरीही सहा महिन्यांनी पुन्हा क्षेत्रतपासणी करून कमान पुढे सरकते का, हे पाहायचे आणि सरकलीच तर दाब आणखी खाली आणायचा, असे आम्ही ठरवले.