मँडरीन सराव नोंद ४ : यजमानाचे आभार, तीन ओळी आणि एक घोट

गेल्या वेळी ठरवलेला मसुदा बराच काटला आहे. शानतुंग प्रांतातल्या कंपनीच्या जेवणात पाहुण्याने उभं राहून बोलायचं, तर 22 अक्षरं पुरतात. खालच्या ओळींतले आकडे म्हणजे सूर. आकडा नसलेलं अक्षर हलकं, सूर नसलेलं.

वांग२ चोंग३, श्ये४श्ये निन२ त षंग४छिंग२ ख्वान३ताइ४.
(वांगसाहेब, मनापासून केलेल्या पाहुणचाराबद्दल आभार.)

चू४ वो३मन ह२च्वो४ यु२ख्वाइ४.
(आपलं एकत्र काम आनंदाचं होवो.)

वो३ चिंग४ निन२ ई४ पेइ१.
(हा पेला तुमच्या मानाचा.)

'चोंग' हे महाव्यवस्थापकाच्या हुद्द्याचं आखूड रूप, आडनावामागे लागतं. समोरचा उपमहाव्यवस्थापक असला तरी 'उप' गाळून 'चोंग'च म्हणायचं. वाक्यं निवडताना मुद्दाम पाहिलं की कुठेही दोन तिसरे सूर लागोपाठ येऊ नयेत, कारण तसं झालं की पहिल्याचा दुसरा होतो आणि ऐनवेळी तेच विसरतं. एक बदल मात्र टळत नाही: 'ई' म्हणजे एक, त्याचा मूळचा पहिला सूर पहिल्या सुराच्या 'पेइ'पुढे चौथा होतो. म्हणून वर ई४ लिहिलं आहे.

मराठीत वाढलेल्यांना इथे दोन फायदे आहेत, ते वापरायला हवेत. 'चोंग' आणि 'च्वो' यांतला च हा 'चोर'मधला, 'चिंग'मधला च हा 'चिंच'मधला. हिंदी भाषकाला हा फरक कमवावा लागतो, आपल्याकडे घरचा आहे. दुसरं म्हणजे चीनीत ग, ब, द असे घोष उच्चार या जागी नाहीतच, फरक आहे तो क-ख, च-छ असा, आणि तोही आपल्याकडे घरचाच. रोमन लिपीत g आणि b दिसलं की आपण 'गानबेई' म्हणतो, खरं ते 'कान१पेइ१'. तपासायला ओठांपुढे चार बोटांवर कागद धरा: 'ख्वान' आणि 'छिंग'ला तो हलला पाहिजे, 'चिंग', 'कान', 'पेइ'ला हलता कामा नये.

'चू'चा च मात्र दोन्हींतला नाही. जीभ ट च्या जागी न्यायची आणि तिथून च काढायचा. 'यु'साठी 'ई' म्हणत ओठ 'ऊ'सारखे गोल करायचे.

अडतो तो चौथा सूर. 'चू' चौथ्या सुरात म्हणजे शुभेच्छा देणं, पहिल्या सपाट सुरात म्हणजे डुक्कर. संदर्भामुळे यजमानाला कळतं, पण टेबलावर हसू फुटतं. चौथा सूर 'हट्!' म्हणताना जसा वरून खाली आपटतो तसा हवा. उभं राहिल्यावर घाबरून आवाज वर चढतो आणि मग 'निन'चा दुसरा सूर चढायला जागाच उरत नाही. उपाय साधा: पहिली ओळ नेहमीपेक्षा जरा खालच्या पट्टीत सुरू करा. तिसरा सूर वाक्याच्या मधे फक्त खाली राहतो, पुन्हा वर येत नाही. 'वो३ चिंग४'मध्ये वो वळवून म्हणणं ही पुस्तकी चूक.

आता वेळ. शानतुंगमध्ये मुख्य यजमान दाराकडे तोंड करून बसतो, मुख्य पाहुणा त्याच्या उजव्या हाताला, आणि यजमानाच्या समोर दाराकडे पाठ करून दुसरा यजमान. आधी मुख्य यजमानाच्या पेला उचलून मान देण्याच्या फेऱ्या होतात, मग दुसऱ्याच्या. पाहुण्याचं परत मान देणं त्यानंतर. मधेच उठलं की यजमानाचा क्रम मोडतो. शब्द कितीही शुद्ध असोत, ते खटकतं.

हात असे: उजव्या हातात पेला, डावा तळवा बुडाला टेकलेला. पेल्याला पेला लावताना आपल्या पेल्याचा काठ यजमानाच्या काठाखाली. तोही खाली नेऊ लागला तर एकदाच आणखी खाली न्या, टेबलापर्यंत शर्यत लावू नका. लांब बसला असाल तर उठून त्याच्याजवळ जा.

तिसऱ्या ओळीनंतर 'कान१पेइ१' म्हणायचं की नाही, हे पेला पाहून ठरवा. शब्दाचा अर्थ 'पेला कोरडा', आणि तो म्हटला तर रिकामा करावा लागतो. पायच्यू (धान्याची दारू) बहुधा 40 ते 53 टक्के असते. छोट्या पेल्यात ठीक, मोठ्या ग्लासात जड. यजमानावर भार नको असेल तर 'निन२ स्वेइ२ई४, वो३ कान१ ल', म्हणजे तुम्ही हवं तितकं घ्या, मी संपवतो. स्वतः संपवायची तयारी असेल तरच.

न पिणाऱ्यांसाठी तिसरी ओळ बदलते: 'ई३ छा२ ताइ४ च्यू३, चिंग४ निन२ ई४ पेइ१', दारूऐवजी चहाने मान देतो. पुढे 'वो' जोडू नका, तिथे दोन तिसरे सूर भिडतात. हे पहिल्या फेरीआधीच सांगितलेलं बरं. तीन पेले झाल्यावर चहा मागितला की कारण शोधलं जातं. दारूचा पेला काठोकाठ भरतात, चहाचा मात्र सात-आठ दशांश. चहा काठापर्यंत भरणं म्हणजे पाहुण्याला निघा म्हणणं, असा तिकडे समज आहे.

बाकी आहे ते 'षंग४छिंग२': खाली आपटून लगेच वर. अजून चारातून एकदा 'छिंग' सपाट निघतं. पुढच्या नोंदीपर्यंत ही दोन अक्षरं वेगळी काढून, निम्म्या वेगात.